धमनी रक्तवायू अहवालाचे क्रमबद्ध वाचन

धमनी रक्तवायू अहवालाचे क्रमबद्ध वाचन ही रक्तातील अम्ल-क्षारक समतोलाचे विकार ओळखण्याची एक ठरावीक पद्धत आहे. धमनीतून घेतलेल्या रक्ताची ही तपासणी रुग्णालयांत ‘एबीजी’ या लघुनावाने ओळखली जाते. अहवालातील आकडे सुटेसुटे पाहिले तर एकाच वेळी असलेले दोन-तीन विकार नजरेतून निसटतात. विशेषतः परस्परविरोधी विकार एकमेकांना झाकून टाकतात आणि अहवाल निर्दोष दिसतो. म्हणून प्रत्येक अहवाल, तो वरवर सामान्य दिसत असला तरी, त्याच पायऱ्यांनी आणि त्याच क्रमाने शेवटपर्यंत वाचावा असा संकेत आहे.

## अहवालातील तीन आकडे

अम्ल-क्षारक समतोलासाठी अहवालातील तीन आकडे प्रमुख असतात. pH हा आकडा रक्ताची अम्लता दाखवतो. तो साधारण ७.३५ ते ७.४५ असतो आणि अम्लता वाढली की कमी होतो. pCO2 म्हणजे रक्तात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब. हा ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतका असतो व त्याचे नियंत्रण फुप्फुसे करतात. HCO3 म्हणजे बायकार्बोनेट. त्याचे प्रमाण लिटरमागे २२ ते २६ मिलिमोल असते आणि ते मुख्यतः मूत्रपिंडे राखतात. या लेखात पुढे पहिल्या आकड्याला पीएच, दुसऱ्याला कार्बन डायऑक्साइडचा दाब व तिसऱ्याला बायकार्बोनेट म्हटले आहे. प्राणवायूचा दाब याच कागदावर असतो, पण त्याचे वाचन स्वतंत्रपणे करतात.

हे तीन आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. हेंडरसन व हॅसेलबाल्क यांच्या समीकरणाने ते बांधलेले असून त्याचे रुग्णशय्येजवळ वापरण्याजोगे रूप पुढीलप्रमाणे आहे :

हायड्रोजन आयन = २४ × कार्बन डायऑक्साइडचा दाब ÷ बायकार्बोनेट

उत्तर लिटरमागे नॅनोमोलमध्ये येते. पीएच ७.४० असताना ते ४०, ७.३० असताना सुमारे ५०, ७.२० असताना सुमारे ६३ आणि ७.०० असताना १०० असते. पीएच दशांशाने बदलतो तेव्हा तो किरकोळ बदल वाटतो. प्रत्यक्षात ७.४० वरून ७.१० वर येणे म्हणजे रक्तातील हायड्रोजन आयन जवळजवळ दुप्पट होणे होय.

## कोपनहेगनमधील धडा

केवळ एका आकड्यावरून निदान केल्यास काय होते याचे ठळक उदाहरण १९५२ सालच्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत आढळते. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण मोठ्या संख्येने दगावत होते. त्यांच्या रक्तातील एकूण कार्बन डायऑक्साइड, म्हणजे बहुतांशी बायकार्बोनेट, वाढलेले आढळे. त्यामुळे रक्त क्षारधर्मी झाले आहे, पण कारण कळत नाही, असा समज होता. भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी याचा अर्थ वेगळा लावला. रुग्णांना पुरेसा श्वास घेता येत नसल्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचत आहे व रक्त उलट अम्लधर्मी झाले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट १९५२ मध्ये त्यांनी एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन, नळी बसवून, हाताने पिशवी दाबून तिला श्वास दिला आणि आपले म्हणणे सिद्ध केले. पुढे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अनेक रुग्णांना असाच श्वास दिला. त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पोल ॲस्ट्रुप यांनी या काळात रक्ताचा पीएच मोजून त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा दाब काढण्याची सोपी पद्धत विकसित केली. आजच्या रक्तवायू तपासणीच्या परंपरेत या कामाचे स्थान महत्त्वाचे आहे.

वाढलेले बायकार्बोनेट हा विकारही असू शकतो आणि दुसऱ्या विकाराची भरपाईही. कोणते खरे, हे पीएच पाहिल्याशिवाय ठरत नाही. वाचनाचा क्रम पीएचपासून सुरू होतो त्याचे कारण हेच.

## वाचनापूर्वी : नमुना विश्वासार्ह आहे का

नमुना बहुधा मनगटाजवळील रेडियल धमनीतून, हेपारिन लावलेल्या सिरिंजमध्ये घेतात. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड त्यात निघून जातो व त्याचा दाब खोटा कमी दिसतो. नमुना बराच वेळ तसाच पडून राहिला तर रक्तपेशींचा चयापचय चालूच राहतो. पीएच व प्राणवायू घटतात आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. द्रवरूप हेपारिन जास्त राहिल्यास रक्त पातळ होऊन कार्बन डायऑक्साइडचा दाब व बायकार्बोनेट दोन्ही कमी येतात.

वरील समीकरणाने तिन्ही आकडे जुळतात की नाही हे पडताळण्याची पद्धत आहे. मात्र तिच्या मर्यादेकडे अनेकदा दुर्लक्ष होते. रक्तवायू यंत्र पीएच व कार्बन डायऑक्साइडचा दाब प्रत्यक्ष मोजते, तर बायकार्बोनेट त्याच समीकरणाने काढते. म्हणून यंत्राने छापलेले आकडे आपोआपच जुळतात. न जुळल्यास चूक बहुधा ते उतरवून घेताना झालेली असते. खरी पडताळणी म्हणजे त्याच वेळी शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या प्रयोगशाळेतील बायकार्बोनेटशी तुलना. त्यात दोन-तीन मिलिमोलपेक्षा अधिक फरक असेल तर दोन नमुन्यांपैकी एकात दोष असण्याची शक्यता तपासावी लागते.

## क्रम : एका उदाहरणासह

समजा, मधुमेहाचा एक तरुण रुग्ण दोन दिवस इन्सुलिन न घेतल्यामुळे रुग्णालयात आला आहे. त्याचा श्वास खोल व जलद आहे. अहवालात पीएच ७.२२, कार्बन डायऑक्साइडचा दाब २० व बायकार्बोनेट ८ आहे. शिरेतील रक्तात सोडियम १३४, क्लोराइड १०० आणि अल्ब्युमिन सामान्य आहे.

पहिली पायरी पीएचची. ७.२२ हा आकडा ७.३५ च्या खाली आहे, म्हणजे रक्त अम्लधर्मी आहे. या स्थितीला अम्लरक्तता म्हणतात. ‘ॲसिडोसिस’ हा शब्द मात्र रक्त अम्लतेकडे ढकलणाऱ्या प्रक्रियेसाठी आहे. रक्ताची स्थिती एका वेळी एकच असू शकते. प्रक्रिया मात्र अनेक चालू असू शकतात. ॲसिडोसिस व अल्कलोसिस एकाच रुग्णात नांदू शकतात ते यामुळे.

दुसरी पायरी मूळ कारण श्वसनात आहे की चयापचयात, हे ठरवण्याची. कार्बन डायऑक्साइड अम्लता वाढवतो, बायकार्बोनेट ती कमी करते. या रुग्णात कार्बन डायऑक्साइडचा दाब घटला आहे. तेवढ्यानेच रक्त क्षारधर्मी व्हायला हवे होते. ते अम्लधर्मी आहे, म्हणजे दोष घटलेल्या बायकार्बोनेटचा आहे. हा चयापचयी ॲसिडोसिस होय. उलट, पीएच कमी व कार्बन डायऑक्साइडचा दाब जास्त असता तर तो श्वसनजन्य ॲसिडोसिस ठरला असता.

## तिसरी पायरी : भरपाई पुरेशी आहे का

मूळ विकार चयापचयी असला की फुप्फुसे, आणि श्वसनजन्य असला की मूत्रपिंडे, पीएच पूर्ववत करण्याचा प्रयत्न करतात. या भरपाईचे प्रमाण ठरलेले असते. भरपाईने पीएच सहसा पूर्णपणे सामान्य होत नाही आणि उलट्या बाजूला तर जातच नाही. चयापचयी ॲसिडोसिसमधील अपेक्षित भरपाईचे सूत्र १९६७ साली प्रसिद्ध झाले व ते विंटर्स यांच्या नावाने ओळखले जाते :

अपेक्षित कार्बन डायऑक्साइडचा दाब = (१.५ × बायकार्बोनेट) + ८, अधिक-उणे २

उदाहरणातील रुग्णासाठी हा दाब १२ + ८, म्हणजे २० येतो. अहवालातही २० च आहे. फुप्फुसे आपले काम चोख करीत आहेत व श्वसनाचा वेगळा विकार नाही.

आता समजा, दोन तासांनी याच रुग्णाचा श्वास संथ झाला. नव्या अहवालात बायकार्बोनेट ८ च आहे, पण कार्बन डायऑक्साइडचा दाब ३० झाला आहे. ३० हा आकडा सामान्य मर्यादेपेक्षा कमीच असल्याने श्वसन उत्तम चालले आहे असे वाटू शकते. सूत्राप्रमाणे मात्र तो २० च्या आसपास हवा होता. या रुग्णासाठी ३० म्हणजे कार्बन डायऑक्साइड साचणे होय. चयापचयी ॲसिडोसिसच्या जोडीला श्वसनजन्य ॲसिडोसिस सुरू झाला आहे, कारण रुग्ण थकला आहे किंवा त्याची शुद्ध हरपत आहे. समीकरणाने हायड्रोजन आयन २४ × ३० ÷ ८, म्हणजे ९० येतात आणि पीएच सुमारे ७.०५ पर्यंत घसरतो. दाब आणखी वाढून ‘सामान्य’ ४० झाला तर पीएच ६.९ च्या जवळ जाईल. अशा रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवताना यंत्राचा वेग सर्वसाधारण रुग्णाइतकाच ठेवणे यामुळेच घातक ठरते. रुग्ण स्वतः घेत असलेला जलद श्वास ही त्याची भरपाई असते व यंत्राने ती हिरावून घेतलेली असते.

श्वसनजन्य विकारांत काळाचाही विचार करावा लागतो, कारण मूत्रपिंडांना पूर्ण भरपाईसाठी तीन ते पाच दिवस लागतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० च्या वर दर १० ने वाढला की तीव्र विकारात बायकार्बोनेट सुमारे १ ने, तर दीर्घकालीन विकारात सुमारे ३.५ ते ४ ने वाढते. म्हणजे दाब ६० असेल तर तीव्र विकारात बायकार्बोनेट २६ व पीएच ७.२६ च्या आसपास, तर फुप्फुसांच्या जुन्या विकाराच्या रुग्णात बायकार्बोनेट ३२ पर्यंत व पीएच ७.३५ च्या जवळ असेल. पहिला रुग्ण संकटात आहे. दुसरा कदाचित रोजच या स्थितीत बाह्यरुग्ण विभागात चालत येत असेल. दाबाचा आकडा दोघांचा एकच आहे.

## चौथी पायरी : ॲनायन गॅप

रक्तद्रवातील धन व ऋण विद्युत्भार नेहमी समान असतात. परंतु नेहमीच्या तपासणीत सर्व आयन मोजले जात नाहीत. मोजलेल्या सोडियममधून मोजलेले क्लोराइड व बायकार्बोनेट वजा केल्यावर जी तफावत उरते तिला ॲनायन गॅप म्हणतात :

ॲनायन गॅप = सोडियम − (क्लोराइड + बायकार्बोनेट)

तिचे सामान्य मूल्य ढोबळपणे १२ धरतात. आधुनिक यंत्रांवर ते याहून कमी येऊ शकते, म्हणून आपल्या प्रयोगशाळेची मर्यादा पाहणे योग्य. या तफावतीचा मोठा भाग अल्ब्युमिन या प्रथिनाच्या ऋण भाराचा असतो. त्यामुळे अल्ब्युमिन लिटरच्या दहाव्या भागामागे ४ ग्रॅमच्या खाली दर १ ग्रॅमने घटल्यास मोजलेल्या तफावतीत २.५ मिळवतात. कुपोषित किंवा यकृतविकाराच्या रुग्णात अल्ब्युमिन २ असेल तर १२ ही ‘सामान्य’ तफावत प्रत्यक्षात १७ असते. अतिदक्षता विभागात ही दुरुस्ती विसरणे ही नेहमीची चूक आहे.

उदाहरणातील रुग्णाची तफावत १३४ − (१०० + ८) = २६ आहे. ती वाढलेली असल्याने रक्तात एखाद्या न मोजलेल्या अम्लाची भर पडली आहे असा निष्कर्ष निघतो. येथे ती कीटोन अम्लांची आहे. लॅक्टिक अम्ल, मूत्रपिंडे निकामी झाल्याने साचलेली अम्ले आणि मिथेनॉल, एथिलीन ग्लायकॉल किंवा ॲस्पिरिनच्या वर्गातील सॅलिसिलेट यांची विषबाधा ही इतर प्रमुख कारणे होत. विषारी दारू पिऊन अत्यवस्थ झालेल्या व्यक्तीत मिथेनॉलची शंका घेण्यास ही तफावत मोलाचा आधार देते. अतिसारात मात्र बायकार्बोनेट शौचावाटे जाते आणि त्याची जागा क्लोराइड घेते. त्यामुळे ॲसिडोसिस असूनही तफावत सामान्य राहते.

ही पायरी पीएच कितीही असला तरी ओलांडायची नसते. पुढील उदाहरणात तिचे कारण स्पष्ट होते.

## पाचवी पायरी : झाकलेला विकार

दुसरा एक मधुमेही रुग्ण तीन दिवसांच्या सततच्या उलट्यांनंतर आला आहे. अन्न जात नाही म्हणून त्याने इन्सुलिनही थांबवले आहे. पीएच ७.३९, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३९, बायकार्बोनेट २३. तिन्ही आकडे सामान्य आहेत आणि घाईत वाचणारा कागद येथेच बाजूला ठेवील.

इलेक्ट्रोलाइट तपासणीत सोडियम १३८ व क्लोराइड ८७ आहे. ॲनायन गॅप १३८ − (८७ + २३) = २८ येते. इतकी मोठी तफावत निरोगी रक्तात आढळत नाही; म्हणजे पीएच सामान्य असूनही चयापचयी ॲसिडोसिस आहे. मग बायकार्बोनेट घटले का नाही, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर पाचव्या पायरीत मिळते. तफावत सामान्य १२ पेक्षा १६ ने अधिक आहे. वाढलेल्या अम्लाने साधारण तितकेच बायकार्बोनेट खर्च केले असणार. म्हणून हा खर्च आजच्या आकड्यात मिळवून पाहतात : २३ + १६ = ३९. अम्ल रक्तात आले नसते तर बायकार्बोनेट ३९ असते. म्हणजे रुग्णाला तितकाच मोठा चयापचयी अल्कलोसिस आहे. उलट्यांवाटे जठरातील हायड्रोक्लोरिक अम्ल निघून गेल्याने तो झाला. घटलेले क्लोराइडही तेच सांगते. इन्सुलिनअभावी झालेला कीटोॲसिडोसिस व उलट्यांमुळे झालेला अल्कलोसिस यांनी एकमेकांना झाकले आहे. उलट्या थांबवून सलाइन दिले, पण इन्सुलिन दिले नाही, तर अल्कलोसिस ओसरेल आणि झाकलेला ॲसिडोसिस उघडा पडेल.

पहिल्या रुग्णावर हीच पायरी लावली तर तफावतीतील वाढ १४ व बायकार्बोनेट ८ यांची बेरीज २२ येते. ती सामान्य मर्यादेत असल्याने तेथे दुसरा चयापचयी विकार नाही. बेरीज सामान्य मर्यादेच्या बरीच खाली आली असती तर अतिसारासारख्या, तफावत न वाढवणाऱ्या ॲसिडोसिसचीही शंका घ्यावी लागली असती.

## मर्यादा

पाचव्या पायरीतील एकास-एक हे गृहीतक ढोबळ आहे. कीटोॲसिडोसिसमध्ये ते बऱ्यापैकी लागू पडते. लॅक्टिक ॲसिडोसिसमध्ये तफावतीतील वाढ बायकार्बोनेटमधील घटीपेक्षा अधिक असते, सरासरीने सुमारे १.६ पट. म्हणून बेरीज २७-२८ आली एवढ्यावरून अल्कलोसिसचे निदान करणे धाडसाचे ठरते. ३० च्या पुढची बेरीज अधिक बोलकी असते. शिवाय रुग्णाचे आजारापूर्वीचे बायकार्बोनेट २४ होते असे सारे गणित गृहीत धरते. फुप्फुसांच्या जुन्या विकारात ते मुळातच ३२ असू शकते, म्हणून जुने अहवाल मिळाल्यास ते पाहतात.

कीटोॲसिडोसिसवर भरपूर सलाइन दिल्यानंतर अहवाल वेगळ्या रीतीने फसवतो. कीटोन नाहीसे होतात व तफावत सामान्य होते, पण सलाइनमधील क्लोराइडमुळे बायकार्बोनेट आणखी काही काळ कमीच राहते. केवळ बायकार्बोनेट पाहणाऱ्यास आजार हटलेला नाही असे वाटते. इन्सुलिनच्या उपचाराची प्रगती तफावतीवरून जोखतात ती यामुळे.

विंटर्स यांच्या सूत्रातील पूर्ण भरपाईला सुमारे १२ ते २४ तास लागतात. काही मिनिटांपूर्वी झटका येऊन गेलेल्या रुग्णात लॅक्टिक अम्ल वाढलेले असते, पण श्वसनाने अजून वेग धरलेला नसतो. तेथे श्वसनाचा स्वतंत्र विकार आहे असे म्हणण्यापूर्वी थोड्या वेळाने पुन्हा नमुना घेणे इष्ट असते.

या लेखातील क्रम बायकार्बोनेटवर आधारलेला आहे. कोपनहेगनच्या परंपरेत त्याऐवजी ‘बेस एक्सेस’ ही राशी वापरतात आणि ती बहुतेक यंत्रे अहवालावर छापतातही. कॅनडातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ पीटर स्ट्युअर्ट यांनी मांडलेली तिसरी पद्धत धन व ऋण आयनांमधील फरकाला मूळ कारण मानते. ती अतिदक्षता विभागांत काही ठिकाणी वापरली जाते, परंतु तिला अधिक आकडेमोड लागते.